कावळा शिवला नव्हता: आई-वडिलांच्या मृत्यूवर लिहिताना या चुका टाळा

एका लहानशा दिवाळी अंकाचं संपादन करत मला 19 वर्षं झाली. जूनपासून लेख यायला लागतात आणि त्यातले दहा-बारा तरी आई किंवा वडील गेल्यावरचे असतात. पहिलं पान वाचून मी उरलेली पानं सांगू शकतो, इतके ते एकसारखे असतात. गेलेली माणसं मात्र एकसारखी नव्हती. नाशिकचा फिटर, सावंतवाडीची अंगणवाडी सेविका आणि लातूरचा अडत दुकानदार लेखात शिरले की तिघांचेही 'प्रेमळ पण शिस्तप्रिय' कसे होतात, हे मला अजून कळलेलं नाही.

कावळा

सगळ्यात आधी याच्याबद्दल, कारण या चुकीत मी स्वतः पडलोय.

दहाव्याचा प्रसंग लेखात असला की कावळा येत नाही. मग थोरला मुलगा हात जोडून काहीतरी कबूल करतो. लगेच कावळा झेप घेतो, पिंडाला शिवतो आणि सगळ्यांना हुंदका फुटतो. मराठी माणसाच्या शोकाला आयता मिळालेला शेवटचा अंक आहे हा. पडदा पाडायला वेगळं काही करावं लागत नाही.

माझे वडील 2004च्या डिसेंबरात गेले. दहाव्याला आम्ही घाटावर पिंड ठेवून पाऊण तास उभे होतो. कावळे होते, पण ते शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाकडे जात होते. त्यांचं आटोपलं, ते भांडी घेऊन निघालेसुद्धा. मामा म्हणाला, "काही राहिलं असेल मनात, बोला." मी म्हटलं, धाकटीचं लग्न मी करून देईन. आईला अंतर देणार नाही, असंही म्हटलं. काका पुढे झाला आणि म्हणाला, बांधाची भांडणं मी मिटवतो. (मिटवली नाहीत. अजून तारखा चालू आहेत.) कावळा जागचा हलला नाही. गुरुजींना साडेअकराला दुसरा दहावा होता. त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं, मग दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, आणि आम्ही आंघोळी करून घरी आलो.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी मी लेख लिहिला. त्यात धाकटीच्या लग्नाचं वचन दिल्याबरोबर कावळा आला. लेख एका पुरवणीत छापून आला, फोन आले, दोघी-तिघी तर फोनवरच रडल्या. मी खूश होतो. धाकटीने पान वाचून घडी घातली आणि म्हणाली, "दादा, कावळा आला नव्हता." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मला लग्न करायचं नाही, हे मी बाबांना सांगितलं होतं. तू तिथेच बसला होतास."

खोटं लिहिलं, एवढ्यावर हे थांबत नाही. त्या कावळ्यासाठी मी काय काय टाकून दिलं ते बघा. शेजारच्यांचं आधी आटोपलं म्हणून आम्हाला वाटलेली लाज, सगळ्यांसमोर कबूल करून बसलेला काका, गुरुजींचं घड्याळ, आणि जिच्या लग्नाचं वचन दिलं जातंय ती गप्प उभी असलेली बहीण. हातात असलेला सगळा माल फेकला आणि दुकानातून आणलेला एक कावळा ठेवला. तेव्हापासून माझा नियम असा: दहाव्याचा प्रसंग घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारल्याशिवाय लिहायचा नाही. शक्यतो ज्याच्याशी आपलं फारसं पटत नाही, त्याला विचारायचं. त्याच्या लक्षात बरोबर गैरसोयीच्या गोष्टी असतात.

रडणं आहे, कारण नाही

आपल्याकडे काव्यशास्त्रात ही चूक नावानिशी नोंदवलेली आहे. काश्मीरचा मम्मट अकराव्या शतकात होऊन गेला. त्याने 'काव्यप्रकाशा'त रसाचे दोष मोजताना सुरुवातच इथून केली: रस किंवा त्याचा स्थायिभाव थेट शब्दाने सांगणे. 'मला अतीव दुःख झालं' असं लिहिलं की दुःखाची माहिती पोचते, दुःख पोचत नाही. त्याच यादीत पुढे 'पुन्हा पुन्हा उद्दीपन' हा दोष आहे, आणि उदाहरण म्हणून त्याने कालिदासाला धरलंय, 'कुमारसंभवा'तला रतीचा विलाप. कालिदासालाही जिथे 'आता पुरे' म्हटलं गेलं, तिथे आपण चार पानांत सहा वेळा डोळे पाणावून कसं चालेल?

त्याच शास्त्रात विभाव आणि अनुभाव असे दोन शब्द आहेत. ज्यामुळे भाव जागा होतो ती माणसं, वस्तू, परिस्थिती म्हणजे विभाव. भाव जागा झाल्यावर दिसतात ते अश्रू, हुंदका, कंठ दाटणं हे अनुभाव. माझ्याकडे येणाऱ्या लेखांत अनुभावांची रेलचेल असते आणि विभाव एकही नसतो. लेख का लागत नाही, असं कुणी विचारलं तर मी दोन रंगांच्या पेन्सिली घ्यायला सांगतो. रडण्या-गहिवरण्याच्या ओळींखाली लाल रेघ, वस्तू-कृती-बोलण्याखाली निळी. पान लाल दिसलं तर काय बिघडलंय ते कळतं.

एक उदाहरण सांगतो. तळकोकणातल्या एका गृहस्थांचा आईवरचा लेख आला होता. त्यात हा परिच्छेद होता: "आईच्या जाण्याने घराचं घरपणच हरवलं. तिच्या हातची चव आता कुठे मिळणार? रिकामं स्वयंपाकघर बघून काळजात कालवाकालव झाली." यात आईच्या जागी कुठलीही आई बसवा, एक शब्द बदलावा लागत नाही. मी फोन केला आणि विचारलं, स्वयंपाकघर खरंच रिकामं होतं का?

"नाही हो," ते म्हणाले. "आदल्या रात्री तिने आंबोळ्यांचं पीठ वाटून ठेवलं होतं ना."

"मग त्याचं काय झालं?"

ते गप्प झाले. मग सांगायला लागले. आई पहाटे गेली. घरात चूल पेटवायची नव्हती, शेजारून पिठलं-भात येत होता. पीठ ओट्याच्या कोपऱ्यात तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी ते फुगून वर आलं, झाकण उचललं गेलं, टोपावरून ओघळ खाली आले. कुणी हात लावेना. तिसऱ्या दिवशी वास सुटला तेव्हा बायकोने विचारलं, "टाकू का?" आणि यांनी टोप उचलून स्वतःच मागच्या माडाच्या बुंध्यात ओतलं. टोपाला सुकलेलं पीठ निघेना, म्हणून नारळाच्या शेंडीने घासत बसले.

मी म्हटलं, हे लिहा, आणि यात 'आई' हा शब्द जास्तीत जास्त एकदा येऊ दे. त्यांनी लिहिलं. शेवटी "आणि मी ढसाढसा रडलो" असं जोडलं होतं, ते मी काढलं. त्यावर ते नाराज झाले. "पण मी खरंच रडलो होतो," म्हणाले. रडले असतील, माझा विश्वास आहे. पण टोप घासणाऱ्या माणसाबरोबर वाचक बसलेला असताना मध्ये येऊन त्याला 'आता रड' म्हणून का सांगायचं?

याची उलट बाजूही सांगून ठेवतो, कारण हल्ली तरुण मंडळी तिकडे वळलीत. "डोळ्यांतून टिपूसही आलं नाही. मी सिगरेट पेटवली." हेही नाटकच आहे, फक्त दुसऱ्या कंपनीचं. कोरडेपणा मिरवायला लागला की तो ओलाच होतो. रडला असाल तर एकदा, साध्या क्रियापदाने लिहा आणि पुढे चला.

देव्हाऱ्यात बसवलेले बाबा

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे शेजारधर्म म्हणून ठीक आहे. लेखात त्याने माणूस दुसऱ्यांदा मरतो. वडील चिक्कू होते, सिलिंडरवर तारीख लिहून ठेवायचे आणि महिन्याआधी संपलं तर आईची उलटतपासणी घ्यायचे, हे लिहा. ती तारीख खडूने त्या सिलिंडरवर अजून दिसत असेल, तर तेवढ्याने काम होतं. पण हिशेब चुकता करायला बसू नका. तो राग खरा असला तरी लेखात तुमचा आवाज वकिलासारखा होतो.

घाई

तिसऱ्या दिवशी लिहिलेलं चौथ्या दिवशी ग्रुपवर टाकणाऱ्यांना मी काय सांगणार? शंभर जण हात जोडलेली चित्रं पाठवतात आणि लेख झाला असं वाटतं. माझी पद्धत जुनाट आहे. पहिल्या महिन्यात फक्त नोंदी करायच्या, लेख वर्षश्राद्धानंतर. नोंदींना वाक्यं लागत नाहीत. स्मशानाच्या पासावर वय काय लिहिलं, मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची म्हणून कोण कुठे धावलं, दाखल्यावर नावाचं स्पेलिंग चुकलं का, औषधाच्या पट्टीत किती गोळ्या उरल्या होत्या, चष्मा कुणी उचलून ठेवला. हे वर्षभराने आठवत नाही. दुःख आठवतं, त्याची काळजी नको.

नोंदी केल्याच नसतील आणि आता वर्षं उलटली असतील, तर कागद काढा: डिस्चार्ज कार्ड, पासबुक, जुनी कॅलेंडरं. आमच्याकडे दुधाचा हिशेब कॅलेंडरवर वडील लिहायचे, रोजचा 'दीड' असा आकडा. ते गेले त्या महिन्यात नऊ तारखेपासून चौकोन कोरे आहेत. अठरापासून पुन्हा आकडे सुरू होतात, आईच्या अक्षरात, 'एक'. तारखांचा गोंधळ मी याच पानावरून सोडवला.

बारीकसारीक

'काळाने घाला घातला', 'देवाज्ञा झाली', 'अनंतात विलीन' हे जाहिरातीच्या चौकटीसाठी ठेवा. 'गेले' हा चांगला शब्द आहे, 'वारले'ही.

टिंबं टिंबं नकोत. एका लेखात मी 43 ठिकाणी मोजली.

अंत्ययात्रेच्या वेळी पाऊस खरंच पडला असेल तर छत्र्या कुणी आणल्या ते लिहा. आभाळ रडलं म्हणू नका.

आईवरच्या प्रसिद्ध कवितांच्या ओळींनी सुरुवात केलेला लेख मी दुसऱ्या परिच्छेदापासून वाचतो.

"बाबा, तुम्ही आज असता तर..." असं पत्र लिहायचा मोह होतो. पत्रात त्यांना माहीत असलेलं सगळं गाळलं जातं आणि नेमकं तेच वाचकाला हवं असतं. वय काय होतं, आजार कुठला, घर कुठे, हे पहिल्या पानात येऊ दे.

डॉक्टरला खलनायक करू नका. केस असेल तर ती कोर्टात चालवा.

शेवट स्वप्नाने करू नका. "आजही संध्याकाळी हाक ऐकू येते" यानेही नको. प्रसंग संपतो तिथेच लेख संपवा, भले अर्धं पान कोरं राहो. जाहिरात लावायला मला जागा लागतेच.