मायक्रोमीटर बरोबर, तरी पीस नापास

25 मिमी व्यासाच्या पिनांची तपासणी होती, सूट दोन्ही बाजूंनी 0.05. रीडिंग एक्सेलच्या B स्तंभात आणि सूत्र असं:

```
=IF(ABS(B2-25)<=0.05,"पास","नापास")
```

ABS वजाचं चिन्ह काढतं, त्यामुळे जाड-बारीक दोन्ही पीस एकाच अटीत तपासले जातात. पण 25.05 रीडिंगचा पीस नापास दिसला. तो हद्दीवर होता, म्हणजे पास व्हायलाच हवा होता. मी आधी मायक्रोमीटरचा शून्य तपासला. तो ठीक होता.

मग फरकाच्या सेलमध्ये दशांश स्थळं वाढवून पाहिली. तिथे 0.0500000000000007 होतं! एक्सेल आकडे द्विमान पद्धतीत ठेवतं, त्यात 25.05 नेमका बसत नाही. 24.95 लाही हेच होतं. उपाय म्हणून फरक आधी पूर्णांकित केला:

```
=IF(B2="","",IF(ROUND(ABS(B2-25),3)<=0.05,"पास","नापास"))
```

आमचं मायक्रोमीटर 0.01 पर्यंतच वाचतं, म्हणून तीन स्थळं पुरतात. रिकाम्या सेलची अटही घातली, कारण एक्सेल तिला शून्य धरतं आणि न मोजलेला पीस नापास ठरतो.

सूट असमान असेल, समजा +0.02 आणि −0.05, तर ABS चालत नाही; तिथे AND ने दोन्ही हद्दी वेगळ्या तपासा.