मिरी: उकळत्या पाण्यातला एक मिनिट

कोकणातल्या माडा-पोफळींवरची मिरी आता काढणीला येईल. घोसातला एखाद-दुसरा दाणा पिवळा-लाल झाला की तो घोस तोडायचा. सगळाच हिरवा घोस उतरवला तर वाळल्यावर दाणा हलका आणि पोकळ निघतो. नंतर कितीही पाखडा, वजन मिळत नाही.

दाणे घोसापासून सुटे केले की बहुतेकजण ते तसेच खळ्यावर पसरतात आणि आठवडाभर वाळवत बसतात. त्याऐवजी आधी दाणे उकळत्या पाण्यात बुडवा. वेताच्या टोपलीत किंवा भोकांच्या डब्यात एका वेळी पाचेक किलो दाणे घ्या, पाणी खळाळून उकळत असताना टोपली बुडवा आणि एक मिनिट झाला की उचला. त्याने सालीतल्या पेशी फुटतात, सालीला काळा रंग देणाऱ्या विकराचं काम वेगाने सुरू होतं आणि दाणा एकसारखा काळा, चकचकीत होतो. धूळ आणि बरेचसे जंतूही जातात. ऊन चांगलं असेल तर वाळायला तीन-चार दिवस पुरतात. मात्र घड्याळ लावूनच करा. "अजून थोडं राहू दे" म्हणत टोपली पाण्यात ठेवली की तेच विकर उष्णतेने मरतं आणि मिरी काळी न होता तपकिरी राहते. पाणी गढूळ झालं की बदला.

वाळवायला शेणाने सारवलेलं अंगण नको. आपल्याकडे ही सवय जुनी आहे, पण त्यातूनच जंतू मालात जातात. स्वच्छ ताडपत्री किंवा चटई पसरा, थर पातळ ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा हलवा आणि दव पडायच्या आत गोळा करून झाका.

वाळली कधी म्हणायची? सुरुवातीला ओल्या दाण्यांचं १० किलोचं एक वेगळं माप बाजूला वाळवा. ते साडेतीन किलोच्या आसपास आलं आणि पुढचे दोन दिवस वजन हललं नाही, की ओलावा १०-११ टक्क्यांवर आला असं समजा. दाताखाली दाणा कटकन फुटायला हवा. दबला तर अजून ओला आहे. असा माल पोत्यात भरला की आठवड्यात बुरशीचा वास येतो आणि तो वास नंतर जात नाही.

प्रतवारीसाठी आधी सुपाने पाखडून देठ आणि पोकळ दाणे काढा. मग एक लिटरचं माप काठोकाठ भरून, वरून सपाट करून वजन करा. ५५० ग्रॅम किंवा जास्त भरलं तर माल भरीव आहे. ५०० च्या खाली गेलं तर पुन्हा पाखडा. पन्नियूर-१ सारख्या टपोऱ्या जातीचा माल असेल तर ४.२५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेले दाणे वेगळे भरा. व्यापाऱ्याकडे दोन ढीग वेगवेगळे ठेवून भाव मागता येतो. एकत्र ओतलेल्या मालाला भाव बारीक दाण्याचाच लागतो.