सिग्नलला थांबल्यावर गाडीचा एसी कोमट का होतो? बॉनेट उघडून शीतचक्र कसे तपासावे

गाडी हायवेवर पळत असेपर्यंत एसी छान गार हवा देतो. शहरात शिरून सिग्नलला दोन-तीन मिनिटं थांबलं की हवा कोमट होते आणि गाडी सुटली की पुन्हा गार. मे महिन्यात ही तक्रार घेऊन गॅरेजला गेलात तर बहुधा एकच उत्तर मिळतं, "गॅस कमी झालाय, भरून टाकू." या लक्षणात गॅस हा पहिला संशयित नसतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत राहतो आणि कुठेतरी गळती असेल तरच कमी होतो. म्हणून पैसे देण्याआधी त्या गॅसचा मार्ग स्वतः एकदा तपासून पाहा. लागेल फक्त एक साधा थर्मामीटर आणि अर्धा तास.

तयारी

गाडी सावलीत, मोकळ्या जागेत उभी करा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा पुढच्या पट्टीवर एसीचं लेबल सापडेल. त्यावर गॅसचा प्रकार (आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए) आणि त्याचं वजन ग्रॅममध्ये दिलेलं असतं. लहान हॅचबॅकमध्ये ते साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतं. या लेबलाचा फोटो काढून ठेवा, शेवटी तो लागणार आहे.

आता इंजिन सुरू करा. एसी चालू, ब्लोअर पूर्ण, तापमान सगळ्यात कमी आणि आतलीच हवा फिरवणारं रिसर्क्युलेशनचं बटण दाबलेलं. थर्मामीटर डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत खोचा. यापुढे बॉनेटखाली काम करताना बाही आणि ओढणी आवरलेली हवी, कारण रेडिएटरचा पंखा कधीही अचानक फिरू लागतो. आणि गॅस भरायच्या तोंडाचं टोपण किंवा नळ्यांचा कुठलाही नट अजिबात सैल करू नका. मोकळ्या हवेत हा गॅस उणे २६ अंशाला उकळतो. द्रवरूपात हातावर किंवा डोळ्यात उडाला तर जखम होते.

पहिली पायरी: कॉम्प्रेसर

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा, दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या जोडलेला गोळा म्हणजे कॉम्प्रेसर. बऱ्याच गाड्यांत एसीचं बटण दाबताच "टक" असा आवाज येतो आणि पुलीच्या तोंडावरची चकती फिरायला लागते. तो क्लच. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तेव्हा आवाज आला नाही म्हणून घाबरू नका.

कॉम्प्रेसरला जोडलेली जाड नळी हाताने पकडून पाहा. ती गार आणि दमट हवेत ओली असायला हवी. ही सक्शनची नळी. तिच्यातून साधारण ३० पीएसआय दाबाचा थंड वायू कॉम्प्रेसरमध्ये येतो. बारीक नळीतून तोच वायू २०० पीएसआयच्या पुढच्या दाबाने बाहेर पडतो. ही नळी ७०-८० अंशांपर्यंत तापते, तेव्हा ती पकडू नका, बोट ओझरतं लावून कळतं.

गारवा हवा असताना वायू आधी तापवायचा कशाला? कारण उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. बाहेर ४० अंश असेल, तर केबिनमधली उष्णता घेऊन आलेला वायू ४० अंशांपेक्षा बराच गरम झाल्याशिवाय ती बाहेर सोडूच शकत नाही. आणि दाब वाढला की उकळण्याचं तापमानही वाढतं. घरच्या कुकरमध्ये पाणी शंभराच्या वर जाऊन उकळतं ते याच कारणाने. आर-१३४ए ३० पीएसआयला जेमतेम २ अंशांवर उकळतो. तोच २२० पीएसआयला सुमारे ५८ अंशांवर वायूचा द्रव होऊ लागतो. संपूर्ण एसी या दोन आकड्यांमधल्या फरकावर चालतो.

दुसरी पायरी: कंडेन्सर

गरम नळीचा माग काढा. ती गाडीच्या अगदी तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या पातळ जाळीत जाते. हाच कंडेन्सर. वायू इथे आधी ८० वरून ५८ अंशांपर्यंत निवतो. मग तापमान फारसं न उतरता त्याचा द्रव होत जातो, आणि खरी उष्णता बाहेर पडते ती याच टप्प्यात. केबिनमधून उचललेली सगळी उष्णता, शिवाय कॉम्प्रेसरने घातलेली भर, एवढं सगळं या एका जाळीतून वाहत्या हवेत जायचं असतं.

सिग्नलची गोम इथेच आहे. गाडी पळत असताना समोरचा वारा हे काम फुकटात करतो. थांबली की सगळी मदार पंख्यावर. म्हणून तपासणीत इथे सर्वांत जास्त वेळ द्या. एसी लावल्यावर थोड्याच वेळात पंखा सुरू होतो का? जोरात फिरतो का, की मरतमरत? इंजिन तापल्यावर फिरतो पण एसीसाठी फिरत नाही, असंही होतं. तसं असेल तर फ्यूज, रिले किंवा कमी वेगासाठीची वायरिंग पाहायला लागेल. मग टॉर्च मारून कंडेन्सरच्या पात्या बघा. चिखल, किडे, वाळलेली पानं कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीतही साचतात. धुवायचं ते इंजिन थंड असताना, बागेच्या पाइपच्या हलक्या धारेनं. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने या नाजूक पात्या आडव्या होतात आणि हवेचा रस्ता कायमचा बंद होतो.

कंडेन्सरमधून बाहेर पडणारी बारीक नळी कोमट असते, पण हात ठेवता येतो इतपतच. तिच्यात आता दाबाखालचा द्रव आहे. वाटेत, बहुतेकदा कंडेन्सरच्या कडेलाच, ड्रायरची नळकांडी असते. ती द्रवातला ओलावा आणि कचरा अडवते.

तिसरी पायरी: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल

ही कोमट नळी इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यापर्यंत जाते. तिथे एका छोट्या धातूच्या ठोकळ्यात ती शिरते आणि जाड गार नळी परत बाहेर येते. तो ठोकळा म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. आतल्या बारीक छिद्रातून द्रव पलीकडे गेला की दाब एकदम २२० वरून ३० पीएसआयवर येतो. काही द्रवाची तत्काळ वाफ होते आणि त्या वाफेला उष्णता देऊन उरलेला द्रव २ अंशांवर उतरतो. छिद्र किती उघडायचं ते व्हॉल्व्ह परतणाऱ्या वायूच्या तापमानावरून ठरवतो. कॉम्प्रेसरकडे फक्त वायू जावा, द्रव जाऊ नये, ही त्याची जबाबदारी. द्रव दाबला जात नाही आणि तो शिरला तर कॉम्प्रेसरच्या झडपा तुटतात.

पत्र्यापलीकडे डॅशबोर्डच्या पोटात इव्हॅपोरेटर आहे. मेकॅनिक त्याला कूलिंग कॉइल म्हणतात. २ अंशांवरचा द्रव इथे उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता ब्लोअरच्या हवेतून घेतो. हवेतलं बाष्पही याच कॉइलवर पाणी होऊन गाडीखाली टपकतं. मुंबई-कोकणात एसीची बरीच ताकद या पाण्यातच खर्च होते. तासाला १ लिटर पाणी गळत असेल तर सुमारे ०.७ किलोवॅट त्यात जातात आणि लहान गाडीचा एसी सगळा मिळून ३ किलोवॅटच्या आसपास असतो. तेवढं काम करायला दर सेकंदाला वीस-बावीस ग्रॅम गॅस फिरावा लागतो. म्हणजे नळ्यांमधला तो ४५० ग्रॅमचा साठा वीसेक सेकंदांत एक फेरी पुरी करतो.

चौथी पायरी: निदान

आता एक उदाहरण घेऊ. बाहेर ४० अंश. चालत्या गाडीत डॅशबोर्डच्या जाळीतली हवा ९ अंश, पण उभ्या गाडीत पाच मिनिटांत १९. इंजिन मंद चालत असताना कॉम्प्रेसरही मंद फिरतो, त्यामुळे तीन-चार अंशांची वाढ स्वाभाविक आहे. दहा अंशांची नाही.

गॅरेजच्या दोन घड्याळांच्या गेजवर अशा गाडीत कमी दाबाच्या निळ्या बाजूला ५० आणि जास्त दाबाच्या लाल बाजूला ३५० पीएसआय दिसू शकतात. लाल बाजू एवढी चढली, कारण कंडेन्सरची उष्णता बाहेर जात नाहीये. ३५० ला द्रव होण्याचं तापमान ७७-७८ अंश आहे. अशा दाबाविरुद्ध कॉम्प्रेसर वायू कमी ओढतो, म्हणून निळी बाजूही वर सरकते. ५० पीएसआयला गॅस १२ अंशांवर उकळतो. १२ अंशांच्या कॉइलवरून ९ अंशांची हवा येणं शक्यच नाही. दाब आणखी चढला तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसरच बंद करतो.

गेज नसेल तर पाण्याने खात्री करा. एसी चालू असताना पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा मारा, वायरिंग आणि पंख्याची मोटर वाचवून. डॅशबोर्डच्या जाळीतली हवा एक-दोन मिनिटांत झपाट्याने गार झाली, तर दोष पंख्यात किंवा साचलेल्या कचऱ्यात आहे. कदाचित मागच्या वेळी गॅस जास्त भरला गेला असेल. जादा द्रव कंडेन्सरच्या तळाशी साचतो, वायू निवायला जागा कमी उरते आणि लक्षण अगदी हेच दिसतं. अशा गाडीत आणखी गॅस घातला तर त्रास वाढेल.

गॅस खरोखर कमी असेल तर चित्र वेगळं असतं. हवा हायवेवरही पुरेशी गार होत नाही, सक्शनची नळी नुसती थंडसर लागते, क्लच दर काही सेकंदांनी लागतो आणि सुटतो, आणि गेजवर दोन्ही आकडे खाली असतात. तेव्हा नळ्यांच्या जोडांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, ते गळतीच्या जागी बाहेर येतं.

काही ठिकाणी इंजिन बंद असताना गेज लावून "दाब बरोबर आहे, म्हणजे गॅस बरोबर आहे" असं सांगतात. ते चुकीचं आहे. बंद गाडीत ३० अंशांना दाब साधारण ९७ पीएसआय असतो. आत १०० ग्रॅम द्रव उरलेला असो वा ४००, आकडा तोच राहतो. गॅसचं प्रमाण फक्त वजनाने कळतं. म्हणून गॅस भरायचीच वेळ आली तर आधी गळती दुरुस्त करून घ्या, जुना गॅस मशिनने काढून घ्यायला सांगा, किमान अर्धा तास व्हॅक्यूम ओढू द्या आणि मग लेबलाचा फोटो दाखवून तेवढेच ग्रॅम काट्यावर मोजून भरायला लावा.