डबक्यातील प्रतिबिंब फोनने टिपताना: लेन्स पाण्याला टेकवण्याइतकी खाली

रात्री रस्त्यावरील डबक्याचे छायाचित्र उभ्याने, फोन खाली झुकवून घेतले, तर त्यात प्रामुख्याने डांबराची खडी दिसते आणि प्रतिबिंब फिकट येते. पाण्याकडे सरळ वरून पाहिल्यास त्यावर पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम २ टक्के भाग परावर्तित होतो, तर पृष्ठभागाशी साधारण १० अंशांचा कोन करून पाहिल्यास सुमारे एक तृतीयांश भाग परत येतो.

बेलापूरला नवी मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाचा उजळलेला घुमट डबक्यात टिपायचा आहे, असे समजा. इमारतीची उंची आणि डबक्यापासूनचे तिचे अंतर यांचे जे प्रमाण, तेच फोनची उंची आणि डबक्यापासूनचे त्याचे अंतर यांचे असावे लागते. हिशेबापुरती उंची ३० मीटर आणि अंतर १०० मीटर धरले, तर दीड मीटर उंचीवरील फोनला शिखर दिसण्यासाठी ५ मीटर मागे जावे लागेल, आणि तेथून डबके म्हणजे एक बारीक पट्टी उरेल. तोच फोन ३ सेंटिमीटरवर आणला, तर १० सेंटिमीटर अंतर पुरते आणि ताटाएवढ्या डबक्यातही अख्खा घुमट मावतो.

म्हणून पदपथावरचे, वाहनांपासून दूर असलेले डबके निवडावे. पाणी बोटभर खोल असले तरी चालते, मात्र गढूळ पाण्यापेक्षा काळ्या डांबरावरचे स्वच्छ पाणी अधिक गडद प्रतिबिंब देते. प्रथम लेन्स कोरड्या सुती कापडाने पुसावी, कारण दिव्यांभोवती पसरणारे फराटे बहुधा बोटांच्या तेलकटपणाचे असतात. मग फोन उलटा धरून लेन्सची बाजू पाण्यालगत न्यावी.

येथे सर्वाधिक छायाचित्रे फोकसमुळे बिघडतात. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसते; कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते इमारतीइतकेच दूर असते. फोकस डबक्याच्या काठावरील पानावर बसला, तर पान रेखीव आणि घुमट धूसर येतो. त्यामुळे आधी मॅक्रो मोड बंद करावा, पडद्यावर प्रतिबिंबातील घुमटावर बोट दाबून धरून फोकस व एक्स्पोजर लॉक करावे, आणि दिवे पांढरेफटक दिसत असतील तर घुमटावरील नक्षी दिसेपर्यंत एक्स्पोजर कमी करावे.

जुलैत सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो. त्यानंतरच्या वीस ते पस्तीस मिनिटांत आकाश गडद निळे असते आणि घुमटाची कड त्यावर स्पष्ट उठते. नाइट मोड काही सेकंद प्रकाश गोळा करतो, तेवढ्यात वाऱ्याने लहर उठली की प्रतिबिंब पुसट होते. अशा वेळी तो मोड बंद करून, वारा थांबताच लागोपाठ छायाचित्रे घ्यावीत.

पाणी साचलेलेच नसेल, तर नुसत्या ओल्या डांबरावर इमारतीची आकृती मिळत नाही. खडबडीत पृष्ठभागामुळे प्रत्येक दिव्याचा आपल्या दिशेने येणारा लांब रंगीत पट्टा तेवढा मिळतो, आणि तेव्हा घुमट सोडून सिग्नलचे व दुकानांच्या पाट्यांचे दिवे टिपणे मला अधिक योग्य वाटते.