बाबांचा बँड नव्या फोनला सापडेना

बाबांना नवा फोन घेतला, पण त्यांचा फिटनेस बँड ॲपमध्ये दिसेचना. वावरातून आल्यावर पुन्हा बसलो. आधी लोकेशन चालू केलं. अँड्रॉइड ११ पर्यंत त्याशिवाय ॲपला जवळची ब्लूटूथ उपकरणं सापडत नाहीत. तरी यादी रिकामीच. मग लक्षात आलं, जुना फोन माजघरात चार्जिंगला होता, ब्लूटूथ चालू. असा बँड बहुधा एकाच फोनशी जोडलेला राहतो आणि तेवढा वेळ दुसऱ्याला दिसत नाही.

जुन्या ॲपमध्ये आधी सिंक केलं, कारण बँड काढताना आतली नोंद पुसली जाऊ शकते. मग तिथून काढला, ब्लूटूथ सेटिंगमध्येही `Forget` केलं. नव्या फोनच्या सेटिंगमधून न जोडता थेट ॲपमधूनच शोधला. लगेच बँड थरथरला, बाबांनी खुणेवर बोट ठेवलं अन् जोडला गेला.