घरगुती व्यवसायाची नोंदणी कधी करावी: आधी खाते वेगळे, मग निर्णय

घरातून चालणाऱ्या व्यवसायाची नोंदणी कधी करावी, हा प्रश्न बहुतेक जण उलट्या क्रमाने सोडवायला जातात. आधी नोंदणी, मग हिशेब, असा तो क्रम असतो. माझ्या मते खाते आधी वेगळे करावे, कारण नोंदणीची वेळ आली आहे की नाही हे सांगणारा आकडा वेगळ्या खात्यातूनच मिळतो. घरखर्च आणि धंद्याचे पैसे एकाच खात्यात फिरत असतील, तर वर्षाची उलाढाल किती झाली हे मालकालाही नेमके सांगता येत नाही.

घरी कापडी पिशव्या शिवून विकणाऱ्या एका बाईंचे उदाहरण घेऊ. त्यांच्या वैयक्तिक खात्यात पिशव्यांचे पैसे येतात. त्याच खात्यात भावाने परत केलेली उसनवारी आणि दुकानाने परत दिलेली रक्कमही जमा होते. काही विक्री रोखीने होते आणि ते पैसे खात्यात न येता परस्पर घरात खर्च होतात. त्यामुळे बँकेच्या उताऱ्यातील जमेची बेरीज विक्रीपेक्षा एकीकडून जास्त आणि दुसरीकडून कमी असते.

म्हणून पहिली पायरी म्हणजे दुसरे खाते उघडणे. वैयक्तिक खाते धंद्यासाठी वापरायला काही बँका मनाई करतात, तेव्हा उघडण्यापूर्वी अटी वाचाव्यात. खाते सुरू करताना आपण घातलेली रक्कम ‘मालकाचे भांडवल’ म्हणून वहीत लिहावी. ती विक्री नसते आणि तिला विक्रीत मिसळू देऊ नये. त्या दिवसापासून प्रत्येक ग्राहकाचे पैसे, रोख धरून, याच खात्यात जमा करावेत आणि कापड, दोरा, वाहतूक यांचे पैसे याच खात्यातून द्यावेत.

घरखर्चासाठी पैसे हवे असतील, तर महिन्यातून ठरलेल्या दिवशी ठरावीक रक्कम वैयक्तिक खात्यात वळवावी आणि तिची नोंद ‘उचल’ म्हणून करावी. एकल मालकीत उचल हा धंद्याचा खर्च नसतो. मालकाने आपल्याच धंद्यातून काढलेले ते पैसे असतात. कधी दोरा घाईत स्वतःच्या खिशातून आणावा लागतो. अशा वेळी बिल जपून ठेवावे आणि तेवढीच रक्कम व्यवसायाच्या खात्यातून परत घ्यावी. वीज आणि फोन यांसारखा सामायिक खर्च घराच्या खात्यातून भरून, वापराच्या एका ठरवलेल्या प्रमाणात महिनाअखेरीस परत घेणे सोपे जाते. ते प्रमाण कसे काढले, हे एका ओळीत लिहून ठेवावे, कारण पुढे कर तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.

खाती खरोखर वेगळी झाली आहेत का, हे महिन्याच्या शेवटी समजते. वहीतील शिल्लक आणि बँकेतील शिल्लक जुळली पाहिजे. फरक निघाला, तर बहुतेक वेळा एखादी रोख विक्री परस्पर खर्च झालेली असते. उचल सतत नफ्यापेक्षा मोठी निघत असेल, तर घर धंद्याच्या भांडवलावर चालले आहे, असे समजावे.

आता नोंदणीकडे येऊ. या शब्दाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात: घरातून व्यवसाय चालवण्याची परवानगी, कराची नोंदणी आणि व्यवसायाचे कायदेशीर रूप. परवानगी उलाढालीवर अवलंबून असेलच असे नाही. पहिल्या विक्रीपासूनही ती लागू शकते, आणि घर भाड्याचे असल्यास करारातील अटही पाहावी लागते. विक्रीवरील कराची नोंदणी मात्र अनेक देशांत उलाढालीची मर्यादा ओलांडल्यावर सक्तीची होते, आणि गफलत होते ती इथेच.

ही मर्यादा साधारणपणे एकूण विक्रीवर मोजली जाते, नफ्यावर नव्हे. शिवाय काही ठिकाणी ती आर्थिक वर्षात मोजतात, तर काही ठिकाणी कोणत्याही सलग 12 महिन्यांत. आपल्याकडे कोणती पद्धत लागू आहे, हे कर खात्याकडून आधी जाणून घ्यावे. आपल्या उदाहरणात मर्यादा 100 भाग धरू आणि मोजणी सलग 12 महिन्यांची धरू. बाईंची विक्री पहिले सहा महिने दरमहा 5 भाग होती, नंतरचे तीन महिने 8 आणि शेवटचे तीन महिने 11. बेरीज 30, 24 आणि 33, म्हणजे 87. त्यांचा नफा विक्रीच्या 30 टक्के, म्हणजे जेमतेम 26 भाग असल्यामुळे मर्यादा अजून दूर आहे, असे त्यांना वाटते. पण विक्री 11 वरच राहिली, तरी पुढच्या महिन्यात जुने 5 भाग गळतात आणि नवे 11 येतात. बेरीज 93 होते, त्यानंतर 99 आणि तिसऱ्या महिन्यात 105. याचा अर्थ निर्णय आजच घ्यायला हवा, कारण अर्ज, कागदपत्रे आणि बिलांचा नवा नमुना यांना वेळ लागतो. ही फिरती बेरीज दर महिन्याला काढावी आणि ती मर्यादेच्या 75 टक्क्यांवर पोचली की तयारीला लागावे, असे मी सुचवेन.

तयारीत किमतीचा विचार सर्वांत महत्त्वाचा आहे. विक्रीवरील कर 10 टक्के धरला आणि 100 ची पिशवी नोंदणीनंतरही 100 लाच विकली, तर त्यातले सुमारे 9 कराचे होतात आणि 30 चा नफा 21 वर येतो. कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत असेल, तर हा फटका थोडा कमी होतो. आधी घेतलेल्या मोठ्या मागण्यांत ‘कर वेगळा’ असे लिहिलेले नसेल, तर ग्राहक नंतर जास्त पैसे देईलच असे नाही. उलट खरेदीदार नोंदणीकृत व्यावसायिक असतील आणि त्यांना कराची वजावट हवी असेल, तर मर्यादेआधीच स्वेच्छेने नोंदणी करणे फायद्याचे ठरू शकते.

कायदेशीर रूपाचा निर्णय उलाढालीपेक्षा जोखमीवर घ्यावा. एकल मालकीत धंद्याचे कर्ज किंवा भरपाई मालकाच्या घरातील मालमत्तेतूनही वसूल होऊ शकते. कंपनी मात्र मालकापासून वेगळी व्यक्ती मानली जाते. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1897 मध्ये चामड्याचे बूट बनवणाऱ्या सॉलोमन यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले. कापडी पिशवीने कोणाला इजा होण्याचा धोका थोडा, म्हणून बाईंना एकल मालकी पुरेल. अंगाला लावण्याच्या वस्तू किंवा विजेची उपकरणे विकणाऱ्याने, भागीदार घेणाऱ्याने आणि मोठ्या उधारीवर माल उचलणाऱ्याने मात्र उलाढाल लहान असतानाच वेगळ्या रूपाचा विचार करावा. ते संरक्षणही बिनशर्त नाही: कर्जाला वैयक्तिक हमी दिली की तेवढ्यापुरते ते संपते, आणि कंपनीच्या खात्यातून घरखर्च होत राहिला, तर काही देशांतील न्यायालये वेगळेपणाचा हा पडदा बाजूला सारतात.

घराच्या विम्यात धंद्याचा माल आणि यंत्रे बहुधा धरलेली नसतात, म्हणून नोंदणीच्या महिन्यातच विम्याची कागदपत्रे काढून पाहावीत. नोंदणीची तारीख वहीत ठळक लिहावी आणि त्याच दिवशी शिल्लक कापड व तयार पिशव्यांची मोजदाद करावी. काही ठिकाणी नोंदणीपूर्वी घेतलेल्या शिल्लक मालावरील कराची वजावट मागता येते, आणि त्यासाठी ही यादी व जुनी खरेदीची बिले सोबत लागतात.