थ्रीडी प्रिंटचा हुक कोपऱ्यात तुटतो, तो का आणि तो कसा छापायचा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही शेडमध्ये लेथशेजारी एअर गन टांगायला काहीतरी लागतंच. हल्ली थ्रीडी प्रिंटर बऱ्याच जणांकडे आलाय, त्यामुळे एल आकाराचा हुक छापून भिंतीवर ठोकला जातो आणि थोड्याच दिवसांत तो कोपऱ्यातून कट्कन तुटतो. मग सल्ले सुरू होतात. इन्फिल शंभर टक्के कर, महागाचं फिलामेंट आण, जाडी दुप्पट कर. या सगळ्याच्या आधी विचारायचा प्रश्न कुणी विचारत नाही : छापताना हुक बेडवर कसा ठेवला होता?

हुकाचं मोजमाप असं धरू. भिंतीला लागणारी पट्टी ६० मिमी, बाहेर येणारा हात ५० मिमी, रुंदी २० आणि जाडी ६ मिमी. मटेरियल पीईटीजी, नोझल ०.४ मिमीचं, थर ०.२ मिमीचे. बेड लेव्हल करणं आणि पहिला थर नीट बसवणं तुम्हाला येतं असं धरून पुढं जातो.

ठेवायचा कसा

इथंच सगळे अडकतात, मीही सुरुवातीला इथंच अडकलो होतो, म्हणून हे सविस्तर सांगतो.

नोझलमधून पीईटीजी साधारण २४० अंशांना बाहेर पडतं. एका थरातला धागा सलग असतो, त्यामुळे त्या दिशेनं ओढलं तर प्लास्टिकची जवळजवळ पूर्ण ताकद मिळते. पण वरचा थर पडतो तेव्हा खालचा बराच थंड झालेला असतो. नवा धागा त्याला क्षणभर तापवतो आणि तेवढ्याच वेळात प्लास्टिकच्या लांब साखळ्या एकमेकींत घुसायला हव्यात. पीईटीजी ८० अंशांच्या आसपास आलं की हे घुसणं थांबतं, जोड अर्धवट राहतो. शिवाय दोन थरांच्या मध्ये बाहेरच्या बाजूला बारीक खाच राहते आणि चीर तिथूनच सुरू होते. लाकूड रेषेच्या दिशेनं सहज फुटतं आणि आडवं फुटत नाही, तसंच हे.

आता हुक बघा. भिंतीची पट्टी बेडवर सपाट ठेवली तर हात मनोऱ्यासारखा वर जातो. सपोर्ट लागत नाही, दिसायलाही छान. स्लायसरमधलं आपोआप दिशा ठरवणारं बटण दाबलं तर तेही बहुतेक वेळा हीच दिशा निवडतं, कारण ते सपोर्ट वाचवायला बघतं, तुमचा भार त्याला माहीतच नसतो. ते बटण भाराच्या पार्टला वापरू नका. असा छापलेला हात म्हणजे एकावर एक अडीचशे थर. वजन टांगलं की हाताची वरची बाजू ताणली जाते आणि तो ताण थेट थर एकमेकांपासून सोडवतो. सगळ्यात जास्त ताण कोपऱ्यात, म्हणून तुटतो तो तिथंच.

उलटं करून हात बेडवर सपाट आणि पट्टी उभी ठेवली तर? हात वाचतो, पण कोपऱ्यातला वाकवणारा जोर पट्टीतही उतरतो आणि आता पट्टी थरांतून सुटते.

बरोबर दिशा एकच : हुक कुशीवर झोपवा. बेडवर एल अक्षर लिहिल्यासारखं दिसलं पाहिजे. मग प्रत्येक थरातला बाहेरच्या कडेचा धागा पट्टीवरून निघून कोपरा वळून हातात जातो आणि ताण सलग धाग्यावर येतो. स्लायसरचा प्रिव्ह्यू उघडून मधला एखादा थर बघा. रेषा कोपऱ्यातून वळून पुढं जाताना दिसल्या तरच प्रिंट सुरू करा.

आकड्यांत मांडू. एअर गन आणि पाइपचं ओझं ३ किलो, म्हणजे ३० न्यूटन, हाताच्या टोकाला ५० मिमीवर. कोपऱ्यातला ताण चौरस मिलिमीटरला साधारण १२.५ न्यूटन येतो. कामगार गन हिसकून ओढतो आणि टाकतो, तेव्हा तो सहज दुप्पट होतो, २५. धाग्याच्या दिशेनं पीईटीजी साधारण ४० सोसतं. थरांच्या जोडात मात्र सेटिंग बिघडलेलं असेल तर १५ ते २० वरच हात टेकतं. म्हणजे तोच हुक, तेच मटेरियल, एका दिशेनं टिकतो आणि दुसऱ्या दिशेनं तुटतो.

आतला कोपरा टोकदार ठेवला तर ताण आणखी वाढतो, म्हणून तिथं ६ मिमीची गोलाई द्या. जाडी ६ ऐवजी ८ करा, ताण जवळपास निम्मा होतो. इन्फिलवर प्लास्टिक घालवू नका, वाकताना ताण बाहेरच्या कातड्यावर असतो. पार्टच्या कडेला पाच भिंती द्या, इन्फिल ३० टक्के पुष्कळ.

थरांची पकड

दिशा बरोबर असली तरी पीळ पडला की थरांवर जोर येतोच. पीईटीजीला फॅन ३० टक्क्यांच्या वर नेऊ नका. पीएलएच्या सवयीनं शंभरवर ठेवलेला फॅन मी कितीतरी मशीनवर बघितलाय. तापमान फिलामेंटच्या डब्यावर लिहिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे ठेवा. तारा थोड्या सुटतील, कानशीनं काढता येतात.

आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये उघडं पडलेलं फिलामेंट तसंच लावू नका. नोझलपाशी चटचट आवाज आला, धाग्यात बुडबुडे दिसले, तर ते ओलं आहे. ६५ अंशांना चार ते सहा तास वाळवा.

बसवताना

झोपवून छापलेल्या हुकाची एक कमजोरी आहे. स्क्रू आता थरांना समांतर जातो. त्यात शंकूच्या डोक्याचा काउंटरसंक स्क्रू आवळला तर त्याचं डोकं पाचरीसारखं थर फाकवतं आणि पट्टी उभी चिरते. डोकं खालून सपाट असलेला स्क्रू आणि खाली रुंद वॉशर, दुसरं काही नाही. भोक आडवं छापल्यामुळे वरून किंचित बसतं, ड्रिल फिरवून मोकळं करा. स्क्रूला भोकातच आटे पाडायला लावू नका.

तुटलाच तर

तुटलेला तुकडा टाकू नका, उजेडात धरून बघा. तोंड सपाट, चकचकीत आणि त्यावर समांतर रेषा स्पष्ट असतील तर थर सुटलेत. दिशा चुकली किंवा पकड कमी पडली. तोंड ओबडधोबड, पांढरट पडलेलं आणि धागे ओढल्यासारखे असतील तर प्लास्टिक आपली पूर्ण ताकद देऊन तुटलंय. तिथं दिशा बदलून उपयोग नाही, जाडीच वाढवा.

काही पार्ट असे असतात की कसेही ठेवले तरी एक भाग उभाच छापावा लागतो. ते दोन तुकड्यांत छापा, प्रत्येक आपापल्या बरोबर दिशेनं, आणि बोल्टनं जोडा. नाहीतर उभ्या भागात आरपार भोक ठेवून त्यातून एम ५ चा लांब बोल्ट टाका, दोन्हीकडे वॉशर लावून नट आवळा. बोल्ट थरांना दाबून धरतो, ताण तो घेतो. मात्र शिरोलीतल्या फाउंड्रीच्या भट्टीजवळ टांगायचं असेल तर पीईटीजी कुठल्याच दिशेनं छापू नका. ८० अंशांच्या जवळ ते मऊ पडतं, आणि भाराखाली त्याआधीच हळूहळू वाकायला लागतं. तिथं लोखंडी पट्टीच वाकवून लावा.